तर्री-पोहेवाल्याचा दिवस ५५ सेकंदांत

प्रश्न: रस्त्यावरच्या एखाद्या विक्रेत्याचा पूर्ण दिवस एका मिनिटाच्या आत डॉक्युमेंटरीसारखा कसा दाखवायचा? माझ्याकडे फक्त मोबाईल आहे.

घड्याळ दाखवू नका, परात दाखवा. मी नागपूरचा, आमच्याकडे तर्री-पोह्याचा ठेला पहाटे लागतो आणि दुपारपर्यंत उठतो म्हणून उदाहरण त्याचंच घेतो. सकाळी पोह्याचा ढीग परातीच्या काठावर आलेला असतो आणि उन्हं चढेपर्यंत नुसता तळ उरतो. तर एकाच जागेवरून, त्याच उंचीवरून साधारण दर तासाला परातीचा एक शॉट घ्या, एडिटमध्ये प्रत्येकी दीड-दोन सेकंद ठेवा आणि त्यांच्या मधे बाकीचं काम बसवा. मग स्क्रीनवर वेळ लिहायची गरजच पडत नाही, उजेड पण आपोआप बदलत जातो.

सुरुवात अंधारातच करा, बल्बखाली कांदा चिरणारा हात आणि तर्रीच्या गंजावर लाल तेल तरंगताना, एवढं ८-१० सेकंदांत होतं. वाफ दिसायला मागे काळोख हवा आणि उजेड मागून किंवा बाजूने हवा, समोरून लाईट मारला तर वाफ गायबच होते. फोकस-एक्स्पोजर लॉक करा नाहीतर प्रत्येक वाफेला फ्रेम कमीजास्त उजळत राहते. ट्यूबलाईटखाली पट्टे दिसले तर मॅन्युअल मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ते जातात.

गर्दीच्या वेळी एक प्लेट पूर्ण, न कापता दाखवा: पोहे, वरून हरभऱ्याची तर्री, कांदा, लिंबाची फोड, प्लेट गिऱ्हाईकाच्या हातात. सहा-सात सेकंद जातात पण जाऊ द्या, माणसाच्या हाताचा वेग तिथेच कळतो, सगळीकडे अर्ध्या सेकंदाचे कट मारले तर तो हात कुणाचाही वाटतो.

आवाजात बहुतेकांचं बिघडतं. शेगडी पेटलेली असताना बोलणं घेऊ नका, तिच्या घरघरीत शब्द बुडतात. भांडी घासून झाली, भाऊ निवांत बसले की फोन तोंडापासून वीतभर धरून रेकॉर्ड करा. झाऱ्याचा, सुरीचा, प्लेटचा आवाज वेगळा घ्या. आणि "धंदा कसा चाललाय" असं विचारू नका, त्याचं उत्तर "ठीक आहे" एवढंच येतं. "उद्या किती पोहे भिजवायचे हे कसं ठरवता?" असं विचारा. मग पाऊस, रविवार, परीक्षा, शेजारचं ऑफिस बंद, सगळा हिशोब ते स्वतःच उलगडतात आणि त्यात उरलं तर काय ही काळजी पण येते. त्यातले फक्त ५०-६० शब्द ठेवा, सेकंदाला दोन शब्द धरले तर अर्धा मिनिट झाला, उरलेला वेळ ठेल्याच्या आवाजाला द्या.

शूटआधी भाऊंची परवानगी घ्या, गिऱ्हाईकांचे चेहरे टाळा आणि गल्ला किंवा क्यूआर कोड फ्रेममध्ये येऊ देऊ नका. शेवटी रिकामी परात, मग उद्यासाठीचे कांदे घेताना ते, तिथेच कट करा.