देवळातलं लग्न आणि राहिलेल्या दोन सह्या

*नमस्कार वकीलबाई. मी फोंडा तालुक्यातली. यंदा फेब्रुवारीत आमचं लग्न देवळात रीतसर लागलं, होम, सप्तपदी सगळं झालं. देवस्थानाने शिक्का मारून दाखला दिलाय, त्यावर भटजींची सही आहे. नवरा मूळचा म्हापशाचा, कॅनडात तीन वर्षांपासून पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी आहे. लग्नानंतर पाच आठवडे राहून तो परत गेला. आता माझ्या स्पाउस व्हिसासाठी हा दाखला पुरेल का? माझ्या सावंतवाडीच्या मावसबहिणीचं काम भटजींच्या दाखल्यावरच झालं. नवरा डिसेंबरात २४ दिवसांच्या रजेवर येणार आहे.*

नाही, पुरणार नाही. आणि हा केवळ कागद कमी पडण्याचा प्रश्न नाही. गोव्याच्या कायद्याच्या नजरेत तुमचं लग्न अजून व्हायचं आहे. हे वाचून तुमच्या आईला धक्का बसेल, म्हणून आधी कारण सांगते.

तुमच्या मावसबहिणीला महाराष्ट्रात हिंदू विवाह कायदा लागू होतो. तिथे सप्तपदी पुरी झाली की लग्न पुरं होतं. नंतरची नोंदणी ही झालेल्या लग्नाची नोंद असते, म्हणून भटजींची सही तिथे पुरावा म्हणून चालते आणि प्रमाणपत्रावर मांडवातल्या लग्नाचीच तारीख येते. पत्रादेवीचा नाका ओलांडून इकडे आलं की गणित उलटतं. पोर्तुगालमध्ये राजेशाही गेल्यावर प्रजासत्ताकाने २५ डिसेंबर १९१० रोजी विवाहाचा कायदा केला. लग्न हा दोघांमधला नागरी करार आहे आणि तो सरकारी अधिकाऱ्यासमोर व्हायला हवा, हे त्याचं सूत्र. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले आणि हिंदू विवाह कायदा इथे आणला गेला नाही. त्यामुळे हिंदूंचा मांडव असो वा निकाह, धार्मिक विधीतून इथे नवरा-बायको हे कायदेशीर नातं तयार होत नाही. ख्रिस्ती शेजाऱ्यांचं चर्चमधलं लग्न चालतं, कारण ते आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे सही करून ना-हरकत घेतात आणि चर्चमधली नोंद नंतर सरकारी पुस्तकात उतरवली जाते. म्हणजे तिथेही शेवटी सरकारी पुस्तकच मोजतं.

आता कॅनडा. तुम्ही व्हिसा म्हणता, पण प्रत्यक्षात हा नवऱ्याने बायकोला स्पॉन्सर करण्याचा अर्ज आहे आणि त्यातून तुम्हाला थेट पीआर मिळते. त्यांच्या इमिग्रेशन नियमांत ‘विवाह’ शब्दाची व्याख्या दिली आहे: कॅनडाबाहेर झालेलं लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने आणि कॅनडाच्या कायद्यानेही वैध असलं पाहिजे. अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारणार, की हे गोव्यात वैध आहे का. देवस्थानाचा दाखला कितीही देखणा असला तरी उत्तर ‘नाही’ येतं. चेन्नई किंवा पुण्याच्या जोडप्याने मंदिराचा दाखला दिला तर अधिकारी फार तर सरकारी प्रमाणपत्र आणा म्हणेल आणि ते त्यांना महिन्याभरात जुन्या तारखेचं मिळेल. तुम्हाला मिळणार नाही.

लग्नाऐवजी ‘कॉमन-लॉ’ जोडीदार म्हणून अर्ज करा, असं कुणी सुचवेल. त्यासाठी सलग १२ महिने एकत्र राहिलेलं असावं लागतं. तुमचे पाच आठवडे आहेत, तो रस्ता बंद.

मग करायचं काय, तर डिसेंबरात लग्न. गोव्यात हे दोन सह्यांत होतं. पहिल्या सहीला तुम्ही दोघं साक्षीदारांसह तुमच्या किंवा नवऱ्याच्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारसमोर जाता आणि लग्न करण्याचा इरादा जाहीर करता. लोकांना हरकत घेता यावी म्हणून त्याची नोटीस लागते. पंधरा दिवस गेले आणि हरकत आली नाही, तर दुसऱ्या सहीला पुन्हा जायचं, तेव्हा विवाहाची नोंद पुस्तकात होते. त्या क्षणापासून तुम्ही कायद्याने पती-पत्नी.

सर्वांत जास्त घोटाळा या दोन सह्यांच्या मध्ये होतो. डिचोलीचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. पहिली सही झाली, घाईने मुहूर्त धरून मांडव झाला, मुलगा दुबईला गेला. सहा महिन्यांनी मुलगी ‘रजिस्टर झालंय’ म्हणून कागद घेऊन आली. तो पहिल्या सहीचा कागद होता. त्यावर दोघांची नावं आणि शिक्का सगळं होतं, फक्त लग्न नव्हतं. ओळखायची खूण सोपी आहे: विवाह झाल्याचं सरकारी प्रमाणपत्र नोंदणी पुस्तकातल्या नोंदीवरून निघतं, त्यावर नोंद क्रमांक आणि विवाहाची तारीख असते. नुसता ‘विवाह करू इच्छितात’ असा मजकूर असेल तर दुसरी सही बाकी आहे.

तुमचे २४ दिवस पुरतील, पण काठोकाठ. समजा नवरा १५ डिसेंबरला दाबोळीला उतरला आणि १७ ला पहिली सही झाली. पंधरा दिवस १ जानेवारीला संपतात. मधे नाताळ, नवं वर्ष, शनिवार-रविवार. दुसरी सही ५ जानेवारीच्या आसपास धरा आणि त्याचं परतीचं विमान ७ ला असेल तर एखादा कागद परत पाठवला गेला की सगळं कोसळतं. म्हणून कागद आत्ताच जमवा: दोघांचे जन्मदाखले, रहिवासाचे दाखले, फोटो, साक्षीदार. परदेशात राहणाऱ्याकडून अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्रही मागतात. नोव्हेंबरात एकदा ऑफिसात जाऊन तुमच्या प्रकरणाची नेमकी यादी लिहून आणा आणि नवऱ्याला रजा आठवडाभर वाढवता येते का ते विचारा.

अविवाहित असं प्रतिज्ञापत्र देताना मन कचरेल, मांडवात तर अर्धा गाव जेवून गेला. तरी ते खोटं नाही. गोव्याच्या कायद्याने तुमचा विवाह झालेला नाही, एवढंच त्यात लिहायचं. प्रतिज्ञापत्रात धार्मिक विधी झाल्याचा उल्लेख करावा, असं माझं मत आहे. लपवण्यासारखं काही नाही आणि पुढे तेच कामाला येतं.

नवऱ्याला येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र पाठवून एका बाजूने सही करून घेऊ, असा सल्ला मिळेल. तो मुळीच ऐकू नका. २०१५ पासून कॅनडा असं लग्न स्पॉन्सरशिपसाठी धरत नाही, जिथे दोघांपैकी एकजण प्रत्यक्ष हजर नव्हता. गोव्यात काहीही चालो, तिथे अर्ज फेटाळला जाईल.

आता तारखेचं. अर्जात विवाहाची तारीख म्हणून दुसऱ्या सहीचीच तारीख जाईल, फेब्रुवारीची नाही. तुमचा मावसभाऊ (प्रत्येक घरात असा एक असतो) म्हणेल, सावंतवाडीला ओळख आहे, तिथे जुन्या तारखेने नोंद करू. फोंड्यात लागलेलं लग्न सावंतवाडीत लागलं असं लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं. कॅनडाच्या कायद्यात त्याला पाच वर्षं प्रवेशबंदी आहे, शिवाय इथे फौजदारी गुन्हा. उलट IMM 5532 या नात्याच्या फॉर्ममध्ये समारंभ, पाहुणे, एकत्र राहणं याविषयी विचारतात. तिथे फेब्रुवारीचा मांडव सरळ सांगा: या दिवशी धार्मिक विधी झाला, गोव्यात त्याला कायदेशीर परिणाम नाही, म्हणून अमुक तारखेला नागरी विवाह केला. देवस्थानाचा दाखला आणि मांडवाचे फोटो तिथे जोडा. लग्नाचा पुरावा म्हणून तो दाखला चालणार नाही, पण नातं खरं असल्याचा पुरावा म्हणून उत्तम आहे. सोबत नवऱ्याने मधल्या काळात कॅनडाच्या कर विवरणात किंवा नोकरीत स्वतःला ‘विवाहित’ लिहिलंय का हे तपासा. लिहिलं असेल तर घाबरू नका, त्याचं एक ओळीचं स्पष्टीकरण पत्रात टाका. अधिकारी दोन कागदांत दोन तारखा पाहतो तेव्हा त्याला त्रास स्पष्टीकरण नसण्याचा होतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण पहिल्या सहीआधी घरात बोला. गोव्यात विवाह नोंदताना दुसरं काही ठरवलं नसेल तर आपोआप सामायिक मालमत्तेची पद्धत लागू होते. लग्नाआधीची त्याची मालमत्ता, तुमची मालमत्ता, दोन्ही एकत्र येतात आणि दोघांचा अर्धा अर्धा वाटा होतो. वेगळी पद्धत हवी असेल तर विवाहपूर्व करार लग्नाआधीच नोटरी दस्ताने करावा लागतो. दुसरी सही झाली की तो बदलता येत नाही. फेब्रुवारीत मांडव झाला तेव्हा हा प्रश्न निघाला नसणार, कारण तेव्हा तो लागूच नव्हता. म्हापशाच्या घरात भावांचा वाटा अडकलेला असेल तर आता तो निघेल. मी म्हणते, करार करा असं नाही. व्हिसाच्या घाईत नकळत ठरू नये, इतकंच.

प्रमाणपत्र हाती आलं की त्यावरची नावं दोघांच्या पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. आपल्या भागात ही अडचण फार येते. जुन्या जन्मदाखल्यांत आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं असतं, ‘नाईक’मध्ये ‘के’च्या जागी ‘क्यू-यू-ई’, आणि पासपोर्टवर इंग्रजी वळणाचं. विवाहाची नोंद जन्मदाखल्यावरून होते, त्यामुळे तुमचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं होऊन बसतं. पहिल्या सहीआधी जन्मदाखला दुरुस्त करून घेता आला तर उत्तम, नाहीतर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. नोंदीच्या प्रमाणित प्रती निदान तीन घ्या, एक नवऱ्याच्या बॅगेत जाऊ द्या. आणि जन्मदाखले पाहायला या महिन्यातच काढा, डिसेंबरची वाट नको.