दहापैकी आठ सौदे जिंकूनही तूट

प्रश्न: इंट्राडेमध्ये माझे दहापैकी आठ सौदे नफ्यात जातात, तरी खात्यातली रक्कम घटतेच आहे. एफडी मोडून आणखी तीन लाख घालू का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर: एफडी मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण पाठविलेल्या ५० सौद्यांच्या यादीत नफ्याच्या ४० सौद्यांची सरासरी ६०० रुपये, तर तोट्याच्या १० सौद्यांची सरासरी ३,००० रुपये आहे. म्हणजे २४,००० आले, ३०,००० गेले आणि दलाली व कर मिळून सौद्यामागे ६० रुपयांप्रमाणे आणखी ३,००० गेले. तूट ९,००० रुपयांची. या प्रमाणात नुसत्या बरोबरीसाठीही शंभरात ८५ सौदे जिंकावे लागतात, आणि आपले ८० जिंकतात.

हे प्रमाण कसे बिघडले, ते आपल्याच नोंदींत दिसते. ३०० शेअर ४०२ ला घेताना आपण स्टॉप लॉस ३९८ आणि टार्गेट ४१० लिहिले होते, म्हणजे १,२०० रुपयांच्या जोखमीवर २,४०० चा नफा. प्रत्यक्षात ४०४ दिसताच विकून आपण ६०० घेतले. दुसऱ्या एका दिवशी त्याच भावाने घेतलेला शेअर ३९८ कडे येताच स्टॉप लॉस रद्द केला आणि अखेर सव्वातीनच्या सुमारास ३९२ ला विकावे लागले. कागदावर एकास दोन असलेले गुणोत्तर हातात पाचास एक असे उलटे आले.

आता केवळ स्टॉप लॉस पाळून भागेल का? मलाही आधी तसेच वाटले होते. परंतु चार्ट ताडून पाहता, जिंकलेल्या ४० पैकी १२ सौदे ठरलेल्या स्टॉप लॉसच्या खाली जाऊन मग वर आलेले आढळले. ते धरून २२ सौदे प्रत्येकी १,२०० ने हरले असते आणि उरलेल्या २८ मध्ये ६०० च मिळाले असते, तर खर्चाआधीच तूट ९,६०० झाली असती. थोडक्यात, ८० टक्क्यांचा काही भाग तोटा मान्य न केल्यामुळे दिसतो आहे.

टार्गेटपर्यंत थांबल्यास मात्र खर्च धरूनही शंभरात ३५ सौदे पुरतात. तसे आपल्याला जमते का, हे ३०० ऐवजी ३० शेअर घेऊन पुढच्या ५० सौद्यांत पाहावे. दोन्ही ऑर्डर लावल्यावर त्यांना हात लावू नये आणि विकलेला खरा भाव लिहून ठेवावा. इंट्राडेचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. ती वही घेऊनच पुढच्या भेटीला यावे. एफडीचा विषय तेव्हा काढू.