बंद पडलेल्या नंबरच्या जागी आधारला नवा मोबाइल नंबर कसा जोडावा?

प्रश्न: आईचा जुना नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद झाला आणि आधारला तोच जोडलेला आहे. आता लाडकी बहीणची ई-केवायसी करताना ओटीपी येत नाही. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. ती काजूच्या कारखान्यात काम करते, त्यामुळे बोटेही मशीनवर लागत नाहीत. गाव वेंगुर्ल्याजवळ आहे. काय करावे आणि कोणते कागद लागतील?

उत्तर:

कागद एकही लागत नाही. नाव, पत्ता किंवा जन्मतारीख बदलताना पुरावा द्यावा लागतो, परंतु मोबाइल नंबरसाठी आधार क्रमांक आणि ती व्यक्ती स्वतः हजर असणे एवढेच पुरते. याचाच दुसरा अर्थ असा की आईच्या वतीने तुम्ही एकटे जाऊन हे काम होणार नाही, कारण कागदाच्या जागी येथे तिचे बोट किंवा डोळा हाच पुरावा असतो. myaadhaar.uidai.gov.in या संकेतस्थळावर लॉगिन करून हा बदल करण्याची सोय नाही, आणि लॉगिनसाठी लागणारा ओटीपीसुद्धा त्या बंद नंबरवरच जातो.

घराबाहेर पडण्यापूर्वी एक गोष्ट मात्र अवश्य तपासा. याच संकेतस्थळावर लॉगिन न करता Check Aadhaar Validity उघडून आईचा आधार क्रमांक भरला की वयोगट, राज्य आणि नोंदवलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन अंक दिसतात. ते जुन्या नंबरचेच असतील तर निदान पक्के झाले. ते सध्याच्या चालू नंबरचे निघाले, तर दोष आधारमध्ये नसून रेंजमध्ये असण्याची शक्यता अधिक आहे. आपल्याकडे सड्यावर रेंज मिळते आणि खाली वाडीत उतरले की ती जाते. ओटीपी मात्र दहा मिनिटेच चालतो, आणि उशिरा आलेला ओटीपी निरुपयोगी ठरतो. ई-केवायसीत आईसोबत वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला जातो, म्हणून त्यांच्या आधारचे तीन अंकही त्याच वेळी पाहून घ्या.

आता बोटांविषयी, कारण तुमची खरी अडचण तीच आहे. माझी मावशी अनेक वर्षे काजू फोडण्याचे काम करते, त्यामुळे हे मी जवळून पाहिले आहे. काजूच्या टरफलातले तेल दाहक असते. ते लागत राहिले की बोटांच्या टोकांची कातडी जळते, सोलते आणि रेषा गुळगुळीत होतात. यंत्र आजच्या बोटाचा ठसा नोंदणीच्या वेळी घेतलेल्या ठशाशी ताडून पाहते, आणि रेषाच पुसट असतील तर ती व्यक्ती खरी असूनही यंत्र नकार देते. इजा खोल नसेल तर काही आठवडे काम थांबल्यावर रेषा पुन्हा उमटू लागतात. पण रोजंदारीवरच्या बाईला काही आठवडे घरी बसा म्हणून सांगणे योग्य नाही, आणि तशी गरजही नाही, कारण डोळ्याच्या बुबुळाची ओळख तिच्या नोंदीत आधीच आहे.

मावशीच्या बाबतीत आम्ही प्रथम पोस्टमनना घरी बोलावले होते. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन आणि ग्रामीण डाकसेवक २०२१ पासून घरी येऊन आधारचा मोबाइल नंबर बदलून देतात, आणि ज्यांची बोटे चांगली आहेत त्यांनी हाच मार्ग घ्यावा असे माझे मत आहे. आमच्याकडे आलेल्या पोस्टमनजवळ मात्र फक्त बोटाचे यंत्र होते. कोमट पाण्याने हात धुऊन पुसले, खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला, आणि दोन्ही हातांची बोटे एकेक करून सपाट टेकवून पाहिली. एकही बोट लागले नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही तालुक्याच्या गावी आधार केंद्रावर गेलो. अशी केंद्रे काही टपाल कार्यालयांत आणि बँकांच्या शाखांत असतात. मात्र प्रत्येक शाखेत ती नसतात आणि रोज चालू असतात असेही नाही, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून चौकशी करावी. नोंदणीच्या संचात दहा बोटांच्या यंत्रासोबत बुबुळाचेही यंत्र असते. केंद्रावरच्या माणसाने सवयीने बोटच पुढे करायला सांगितले. ते दोनदा नाकारले गेल्यावर मी "डोळ्याने करून पाहा ना" अशी विनंती केली, आणि पहिल्याच प्रयत्नात ओळख पटली. तुम्हीही हे आपणहून सांगा, कारण तेथील माणूस स्वतःहून सुचवेलच असे नाही.

बोट आणि डोळा यांपैकी काहीच जुळले नाही, तर त्याच ठिकाणी बायोमेट्रिक अद्ययावत करून घेता येते, म्हणजे ठसे, बुबुळे आणि फोटो नव्याने घेतले जातात. ऑक्टोबर २०२५ पासून केवळ मोबाइल नंबर बदलण्याचे शुल्क ७५ रुपये आणि बायोमेट्रिक अद्ययावत करण्याचे १२५ रुपये आहे. बायोमेट्रिकसोबत नंबर बदलल्यास त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. परंतु ज्या आठवड्यात कातडी सोललेली असेल त्या आठवड्यात नवे ठसे देऊ नका, नाहीतर पुसट ठसेच नोंदीत जाऊन बसतील. त्यासाठी जखमा भरण्याची वाट पाहणे मात्र योग्य ठरेल.

यानंतर आमच्याकडून एक चूक झाली. पावती न वाचताच आम्ही ती पिशवीत ठेवली. घरी येऊन पाहिले तर नव्या नंबरचे शेवटचे दोन अंक उलटसुलट टंकलेले होते, म्हणजे मावशीचे ओटीपी आता कोणा अनोळखी माणसाला गेले असते. पुन्हा जावे लागले आणि पुन्हा शुल्क भरावे लागले. म्हणून नवा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्या, नोंद पाठवण्याआधी पडद्यावरचा प्रत्येक अंक आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि पावती खिडकीवरच तपासा. पावतीवरच्या क्रमांकावरून Check Enrolment & Update Status येथे विनंती कोठवर पोहोचली ते ओटीपीशिवाय पाहता येते. मावशीचा बदल सहाव्या दिवशी झाला, परंतु ३० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. काम झाल्यावर Check Aadhaar Validity मध्ये नव्या नंबरचे तीन अंक दिसतील. आधार क्रमांक तोच राहतो आणि नवे कार्ड काढण्याची गरज नसते.

आईच्या नावावर चालू नंबर नसेल तर तुमचा नंबर दिला तरी चालतो, कारण एकच नंबर कुटुंबातील अनेकांच्या आधारला जोडता येतो. तरीही मी तिचाच नंबर देण्याचा आग्रह धरीन, कारण तुम्ही नोकरीसाठी मुंबईत असाल तर दर वेळी ओटीपीसाठी तिला तुम्हाला फोन करावा लागेल. फक्त ते सिम रिचार्जअभावी पुन्हा बंद पडू देऊ नका. कायमचा बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि आधारच्या नोंदीला ते आपोआप कळत नाही.

याच कारणासाठी आईच्या बँक खात्याकडेही लगेच लक्ष द्या. बँकेतला नंबर ही स्वतंत्र नोंद आहे. आधारमध्ये बदल केला म्हणून तो तेथे बदलत नाही. जुना नंबर तेथेही असेल तर पासबुक घेऊन शाखेत अर्ज द्यावा लागेल. त्यासाठी आधारचा बदल पूर्ण होईपर्यंत थांबू नका, तालुक्याला जाल त्याच दिवशी दोन्ही कामे करून या.