नकाशातला लाल डाग

प्रश्न: सोलापुरात चष्मा घालवायच्या लेसरआधी मुलाच्या डोळ्याचा रंगीत नकाशा काढला. खाली लाल डाग आलाय. लेसर करावं का?

आत्ता नको. लाल म्हणजे जखम नव्हे, तिथे कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, बाक जास्त आहे. पण आधी शेजारची रंगपट्टी वाचा, कारण पट्टी बदलली की तोच डोळा हिरवाही दिसतो. आकडे बघा, ते बाक डायॉप्टरमध्ये मोजतात: साधारण ४३-४४ डायॉप्टर नेहमीचं. वर ४३ आणि खाली ४८ असेल तर केराटोकोनसची दाट शंका, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे फुगण्याचा आजार. अशा कॉर्नियाला लेसरने आणखी पातळ केलं तर फुगवटा वाढतो.

लेन्स वापरत असेल तर काही दिवस बंद ठेवून नकाशा पुन्हा काढा. मग काही महिन्यांनी त्याच मशीनवर. सर्वात मोठा आकडा एक डायॉप्टरने वाढला तर डॉक्टरांना क्रॉसलिंकिंगचं, म्हणजे कॉर्निया घट्ट करणाऱ्या उपचाराचं विचारा. आणि त्याचं डोळे चोळणं आजच थांबवा.