हार्ट अटॅक, कार्डिॲक अरेस्ट आणि शॉकचे काम
प्रश्न: हार्ट अटॅक आणि कार्डिॲक अरेस्ट एकच का? छाती दाबून आणि शॉक देऊन माणूस परत कसा येतो?

दोन्ही वेगळे आहेत. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून स्नायूचा काही भाग मरू लागतो. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, नाडीही लागते, म्हणून त्याची छाती दाबायची नसते. कार्डिॲक अरेस्टमध्ये रक्त पुढे ढकलणेच थांबते आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो, पण कारण दरवेळी तेच नसते.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन सामना चालू असताना कोसळला; मैदानावरच छाती दाबली गेली आणि विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटर यंत्राच्या एका शॉकनंतर तो शुद्धीवर आला.

अशा वेळी पुष्कळदा हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरत असतात. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर छाती दाबल्याने मेंदूकडे थोडे रक्त जाते. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला मात्र ते मुख्यतः दाब सुटून छाती वर येताना मिळते, म्हणून छातीवर रेलून राहणे किंवा मध्येच थांबणे महागात पडते. शॉक बंद हृदय सुरू करत नाही. तो ती थरथर एकदम थांबवतो, जेणेकरून हृदयातील नैसर्गिक पेसमेकर पुन्हा लय धरू शकेल. ईसीजीवर सरळ रेषा असेल, तर शॉक निरुपयोगी ठरतो आणि छाती दाबत राहून औषधे द्यावी लागतात. अरेस्टमधला बेशुद्ध रुग्ण कधीकधी आचके देतो; त्यांना श्वास समजून अनेकजण छाती दाबायचे थांबतात, ही सर्वांत घातक चूक आहे.