रक्कम वाढवू नका, आधी पैसे कधी जातात ते बघा

प्रश्न: सकाळचं चालणं चुकलं, ॲपमध्ये टिक केली नाही, की १०० रुपये दान, असं रिमाइंडर लावलं आहे. दोन महिने झाले, पैसे जाताहेत पण चालणं वाढलं नाही. रक्कम ५०० करू का?

इतक्यात नको. आधी मागच्या महिन्याचं कॅलेंडर काढा आणि टिक राहिलेल्या प्रत्येक दिवसापुढे एकच गोष्ट लिहा: त्या दिवशी तुम्ही विसरला होता, की आठवण असूनही "जाऊ दे, जातील १०० रुपये" असं म्हणालात? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि रक्कम वाढवून त्यातलं पहिलं बरं होत नाही.

मला हे खांद्यामुळे कळलं. गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला होता. फिजिओथेरपिस्टने रोजचा व्यायाम दिला. त्यात मुख्य म्हणजे भिंतीवर बोटं चढवत हात जाईल तितका वर न्यायचा. मी ॲपमध्ये रात्री नऊची मुदत लावली आणि चुकलं की ५० रुपये एका वाचनालयाला द्यायचे ठरवलं. पहिल्या ३० दिवसांत ११ वेळा चुकलो. तारखा मांडून बघितल्या तर त्यातले ८ दिवस दुसऱ्या शिफ्टचे निघाले. मी बुटीबोरीला कामाला आहे. दुसरी शिफ्ट रात्री अकराला सुटते, म्हणजे आठवण वाजायची तेव्हा मी मशीनवर असायचो. तिथे भिंतही नाही आणि फुरसतही नाही. मी ती बोटाने सरकवून द्यायचो. हळूहळू घरी असतानाही तोच हात आपोआप चालायला लागला. जी आठवण अशा वेळी येते की काही करताच येत नाही, ती दुर्लक्ष करायलाच शिकवते.

म्हणून पुढचा महिना मी फक्त वेळ बदलली, पैशाला हात लावला नाही. मुदत दुपारी एकची केली. पहिल्या शिफ्टला ती जेवणाची सुट्टी असते आणि दुसऱ्या शिफ्टला बस निघायच्या आधीची वेळ. चुका ११ वरून ६ वर आल्या. उरलेल्या सहाही वेळा मला पक्कं आठवत होतं. खांदा दुखत होता, करायचं नव्हतं, आणि ५० रुपये वाचनालयाला जातील याचं बरंच वाटत होतं. तिथे दंड राहिलाच नव्हता, सुट्टीचा भाव झाला होता.

हा भाव होण्याचा प्रकार इस्रायलमधल्या हैफा शहरात मोजला गेला आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी १० पाळणाघरं घेतली. त्यातल्या ६ ठिकाणी मुलाला न्यायला दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर १० शेकेल दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाला, आणि दंड काढून घेतल्यावरही तो खाली आला नाही. आधी पालकांना बाईंपुढे ओशाळल्यासारखं व्हायचं, नंतर त्यांनी उशिराचे पैसे मोजलेले असायचे. तुमच्या १०० रुपयांचं तर त्याहून अवघड आहे, कारण ते दान आहे. दान दिल्यावर माणसाला समाधान वाटतं आणि न चालल्याची टोचणी त्यातच विरून जाते.

मग दान कधीच चालत नाही का? चालतं. फिलिपिन्समधल्या मिंडानाओ बेटावर एका बँकेने धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांसाठी खातं काढलं होतं. माणसाने सहा महिने त्यात स्वतःचे पैसे भरायचे आणि शेवटी लघवीची तपासणी. निकोटीन सापडलं नाही तर पैसे परत, सापडलं तर सगळे दानात. झेवियर जिने, डीन कार्लन आणि जोनाथन झिनमन यांचा हा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. ज्यांना हे खातं देऊ केलं त्यांच्यात पास होणारे ३ टक्के-गुणांनी जास्त निघाले. आकडा लहान वाटेल, पण खातं देऊ केलेल्यांपैकी ते उघडलं फक्त ११ टक्के लोकांनी. इथेही पैसे दानालाच जाणार होते. फरक दोन गोष्टींत होता: पैसे आधीच हातातून गेलेले होते, आणि निकाल माणसाच्या शब्दावर नव्हता.

मी हेच घरगुती पद्धतीने केलं. शेजारच्या काकू बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाल्या आहेत. दर रविवारी सकाळी त्यांना ७०० रुपये रोख द्यायचे. भिंतीवर मी मोजपट्टी चिकटवली होती. हात जिथवर पोचला तो आकडा आणि तारीख कॅलेंडरवर लिहून, त्याचा फोटो दुपारी एकच्या आत काकूंना पाठवायचा. फोटो आला की १०० रुपये माझे. पुढच्या रविवारी हिशेब, उरलेलं वाचनालयाला. मी काही कळवलंच नाही तर चुकलो असंच धरायचं, काकूंनी विचारायचं नाही. बायकोकडे हे काम दिलं असतं तर तिने दुसऱ्याच दिवशी सूट दिली असती. काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी तुले आठवण करून देणार नाही बाप्पा. फोटो नाही आला त पैसे नाही."

आठ आठवड्यांत ५६ पैकी ५ फोटो चुकले, त्यातले तीन पहिल्याच आठवड्यात. सगळं श्रेय पैशाला देता येणार नाही. तोवर दुखणं कमी झालं होतं आणि आकडा वर सरकताना दिसत होता. पण रविवारी सातऐवजी चार नोटा परत घेताना जे वाटलं, ते ॲपमधून ५० रुपये जाताना कधी वाटलं नव्हतं.

हेच यूपीआय ऑटोपेवर बसवता येईल का, असा विचार मीही केला. साधारणपणे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना येते आणि मँडेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, आपल्याच फोनवरून रद्द करता येतं. मोह झाला की दोन मिनिटांत सुटका. रोख बरी.

नियमांची पळवाट मात्र आधीच बंद करा. ताप किंवा बाहेरगाव, एवढीच कारणं, आणि तीही आदल्या रात्री कळवलेली. नियम बदलायचा तर तो सात दिवसांनी लागू. ध्येय चुकलं की पैसे कापणाऱ्या Beeminder या सेवेतही आठवड्याची अशीच अट आहे, कारण आज टाळायचं म्हणून आज नियम सैल करणारा माणूस पुढच्या आठवड्यासाठी तोच नियम कडक ठेवायला राजी असतो. तशाच stickK या संकेतस्थळावर चुकलं की आपल्याला न पटणाऱ्या कार्याला पैसे देण्याची सोय आहे. म्हणजे माझ्या बाबतीत गल्लीतल्या डीजेची वर्गणी. टोचेल नक्की, पण पैसे खरंच तिथे जातात आणि त्रास शेजारच्या म्हाताऱ्यांना होतो, म्हणून मी ते केलं नाही.

तुमच्यासाठी पुराव्याचा फोटो अंबाझरी तलावावरचा किंवा घराजवळच्या कुठल्याही एकाच ठरलेल्या जागेचा ठेवा, घरातला नको. मुदत उन्हाळ्यात सकाळी साडेसातची ठेवा, कारण मे महिन्यात नागपुरात त्यानंतर कोणी चालायला निघत नाही. दहाची मुदत ठेवलीत तर "अजून वेळ आहे" म्हणत ऊन चढेल. आणि मागच्या महिन्यात नुसते विसरलेले दिवसच जास्त निघाले, तर पैशाचा विचार सोडा आणि रात्री झोपताना बूट दारात ठेवून रिमाइंडर उठायच्या वेळेवर आणा.