सुट्टी उलटली म्हणून जवान लगेच 'भगोडा' होतो का?

"माझा भाऊ लष्करात शिपाई आहे, युनिट काश्मीरला. आई आजारी पडली म्हणून सुट्टी संपल्यावर गेला नाही, आता दीड महिना झाला. देवळालीला हजर झाला तर कोर्ट मार्शल होईल का?"

त्याला उद्याच जाऊ द्या. मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, नाशिकरोडला राहतो. घाबरून घरी बसलेल्या पोरांचं नुकसान मी जवळून पाहिलंय.

आर्मी ॲक्ट १९५० मध्ये दोन वेगळे गुन्हे आहेत. सबळ कारणाशिवाय सुट्टी उलटून राहणं कलम ३९ मध्ये येतं, कमाल शिक्षा तीन वर्षं. पळून जाणं, म्हणजे डेझर्शन, कलम ३८ मध्ये. त्याला एरवी सात वर्षांपर्यंत कैद, पण ॲक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे शत्रूविरुद्धच्या कामगिरीवर असताना मृत्युदंडापर्यंत तरतूद आहे. सरकारी अधिसूचनेमुळे काश्मीरमधली नोकरी ॲक्टिव्ह सर्व्हिस धरली जाते, म्हणून तुमच्या भावाला हा फरक फार महत्त्वाचा.

फरक दिवसांचा नाही, इराद्याचा आहे. परत जायचंच नव्हतं, किंवा एखादी महत्त्वाची ड्युटी टाळायची होती, हे सिद्ध व्हावं लागतं. तीस दिवस उलटले की कलम १०६ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, गैरहजेरी आणि कमी पडलेलं सरकारी सामान नोंदवते. त्यानंतरही माणूस हजर झाला नाही किंवा सापडला नाही, तर कागदोपत्री त्याला डेझर्टर मानतात. घरी पोलीस येतात ते सीओने, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरने कळवल्यामुळे. पण ती नोंद म्हणजे शिक्षा नव्हे, खटल्यात इरादा पुन्हा तपासला जातो. दुसरीकडे नोकरी धरली, फोन नंबर बदलला, तर इरादा उघड दिसतो. आईचे डिस्चार्ज पेपर, सुट्टी वाढवायला केलेला अर्ज किंवा फोन, बराकीत ठेवलेलं सामान, हे सगळं त्याच्या बाजूने बोलतं.

म्हणून स्वतःहून हजर होण्याला मोल आहे. ज्या अधिकाऱ्याकडे तो हजर होईल, त्याच्या सहीचा तारीख-ठिकाणाचा दाखला कोर्टात पुरावा म्हणून चालतो. पोलिसांनी पकडून आणलं तर दाखला ठाण्याचा, आणि त्यावर पकडल्याचं लिहिलेलं असतं.

युनिटमध्ये सीओसमोर पेशी होईल. तो कलम ८० खाली स्वतःच शिक्षा देऊ शकतो, लष्करी कोठडीत जास्तीत जास्त २८ दिवस. प्रकरण जड वाटलं तर समरी कोर्ट मार्शल. तिथे निकाल एकटा सीओ देतो, दोन जण नुसते हजर असतात, आणि कैद एक वर्षाच्या वर देता येत नाही. मात्र नोकरीवरून काढता येतं.

पोरं चुकतात ती इथे. "कबूल करून टाक, लवकर सुटशील" असं कुणी म्हणतं आणि ती कलम ३८ चा आरोप कबूल करतात. भावाला सांगा, आरोपपत्रावरचं कलम आधी वाच. सुट्टी उलटली हे खरं आहे, तेवढंच कबूल कर. पळालो म्हणून सही करू नकोस. मदतीला माणूस घेण्याचा हक्क त्याला आहे, तो पहिल्याच दिवशी मागावा.